फोनवरचा भाव, मेलमधला भाव

नाशिकचा एक बेदाणा व्यापारी भोसरीच्या खोकीवाल्याशी फोनवर बोलतो. पाच हजार खोकी, नगाला 24 रुपये. बोलता बोलता खोकीवाला म्हणतो, ‘दहा हजार घेतलीत तर साडेबावीस.’ महिन्याभराने पाच हजारांची ऑर्डर येते, भाव मात्र साडेबावीस. फरक साडेसात हजारांचा, आणि खोटं कुणीच बोलत नसतं; ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याच्या लक्षात राहतो.

म्हणून त्याच संध्याकाळी पाठवायच्या मेलमध्ये ‘ठरलं’ आणि ‘बोलणं झालं’ हे वेगळं लिहावं:

‘ठरलं: 5,000 नग, दर 24 रुपये, जीएसटी व वाहतूक वेगळी. चर्चा झाली, ठरलं नाही: 10,000 नगांना 22.50. दोन्ही दर 15 दिवसांपुरते. गुरुवारपर्यंत आम्ही नमुना पाठवू. सोमवारपर्यंत आपण छपाईचा मजकूर द्यावा. काही चुकलं असल्यास कळवावं.’

मुदत हवीच, कारण क्राफ्ट कागदाचा भाव हलता असतो. ‘लवकरच पाठवतो’ हे तर लिहूच नये. त्यात ना वार, ना माणूस. समोरून उत्तर आलं नाही, तर ती संमती समजू नये. नमुना पोचला की फोन करून भाव पुन्हा वदवून घ्यावा.