स्वस्त कापडाचा हिशेब

सोलापूर शहर चादरींसाठी ओळखलं जातं, तसंच शाळेच्या गणवेशांसाठीही. अशाच एखाद्या शिलाई कारखान्याचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिन्याला १,००० शर्ट शिवायचे, असं अंदाजपत्रक आहे. एका शर्टाला दीड मीटर कापड लागावं, त्याचा दर मीटरला १२० रुपये असावा आणि शिलाईला अर्धा तास जावा, तासाची मजुरी ८० रुपये, ही प्रमाणं आधीच ठरलेली आहेत. म्हणजे शर्टामागे कापडाचे १८० आणि मजुरीचे ४० रुपये.

महिनाअखेर कळतं, की कापडावर २,१५,०४० रुपये गेले. अंदाजपत्रकात तर १,८०,००० होते. मालक साहजिकच दचकतो. पण त्या महिन्यात १,००० नव्हे, १,२०० शर्ट तयार झाले होते. म्हणून तुलना करायची ती १,२०० शर्टांना किती खर्च यायला हवा होता, त्याच्याशी. याला लवचिक अंदाजपत्रक म्हणतात. बी.कॉम.च्या पेपरात अनेकांचं गणित इथेच घसरतं: विद्यार्थी मूळ अंदाजपत्रकातलं उत्पादन धरून बसतात आणि पुढचे सगळे आकडे चुकत जातात.

१,२०० शर्टांना १,८०० मीटर कापड आणि २,१६,००० रुपये लागायला हवे होते. खर्च त्याहून ९६० रुपयांनी कमीच आहे. सगळं आलबेल, असं वाटावं. पण हे ९६० रुपये फसवे आहेत. प्रत्यक्षात कापड आणलं होतं ११२ रुपये मीटरने आणि वापरलं गेलं १,९२० मीटर. म्हणजे एकमेकांविरुद्ध जाणारे दोन मोठे फरक या लहानशा आकड्यामागे दडले आहेत.

पहिला भावाचा. मीटरला ८ रुपये वाचले. त्याला प्रत्यक्ष वापरलेल्या १,९२० मीटरने गुणलं की १५,३६० रुपये अनुकूल. हा मटेरियल प्राइस व्हेरियन्स. दुसरा वापराचा. १२० मीटर कापड जास्त गेलं. त्याला ठरलेल्या १२० रुपयांच्या दराने गुणलं की १४,४०० रुपये प्रतिकूल. हा युसेज व्हेरियन्स. इथे दर प्रत्यक्षातला न घेता ठरलेलाच घेतात, कारण कापड किती वापरायचं हे कटिंग मास्तरच्या हातात असतं, भाव त्याच्या हातात नसतो. खरेदीतल्या चढउताराचा भार त्याच्या माथी पडू नये, म्हणून ही काळजी.

मजुरीचं कोष्टकही याच धाटणीचं आहे, फक्त त्यात आणखी एक खण लागतो. १,२०० शर्टांना ६०० तास पुरायला हवे होते. पगार दिला ६९० तासांचा, तासाला ठरलेल्या ८० रुपयांनीच. त्यामुळे मजुरी दराचा फरक शून्य. या ६९० तासांपैकी ४० तास वीज नसल्याने मशीन बंद होती. त्याचे ३,२०० रुपये वेगळे काढायचे, तो आयडल टाइम व्हेरियन्स. उरले ६५० तास, म्हणजे प्रत्यक्ष कामात ५० तास जास्त गेले. हा ४,००० रुपयांचा प्रतिकूल एफिशियन्सी व्हेरियन्स. विजेचे तास बाजूला काढले नाहीत, तर सगळे ७,२०० रुपये शिलाई करणाऱ्या बायकांच्या संथपणाच्या खात्यावर जमा होतात, आणि तो उघड अन्याय आहे.

मग हे ५० तास का वाढले? सूत्र इथपर्यंतच आणून सोडतं. पुढचं उत्तर कटिंगच्या टेबलाशी मिळतं. स्वस्तात आलेल्या कापडाचा पन्हा ६० ऐवजी ५६ इंच निघाला. तेवढ्या रुंदीत शर्टाचे भाग पूर्वीसारखे बसेनात, चिंध्या वाढल्या आणि मीटरही वाढले. शिवाय विणीत दोष होते. डाग आणि गाठी आलेले तुकडे शिवताना बाजूला काढून बदलावे लागले, त्यात शिलाईचा वेळ गेला. म्हणजे खरेदी विभागाच्या नावावरच्या १५,३६० रुपयांच्या बचतीने वापरात १४,४०० आणि वेळेत ४,००० असे १८,४०० रुपये खाल्ले. फरक वेगवेगळे मांडायचे असले, तरी अनुकूल म्हणून एकाची पाठ थोपटण्याआधी ते शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

ज्या प्रमाणाशी तुलना करायची, ते कशावर बेतलं आहे हेही तपासावं लागतं. दीड मीटरचं प्रमाण ६० इंची कापडासाठी होतं. पुढेही ५६ इंचीच घ्यायचं असेल, तर प्रमाण १.६ मीटर करायला हवं. नाहीतर कटिंग मास्तर दर महिन्याला विनाकारण दोषी ठरेल. पण तसं करण्याआधी साधी आकडेमोड करावी. १.६ मीटर गुणिले ११२ म्हणजे १७९ रुपये २० पैसे. शर्टामागे कापडात वाचतात ८० पैसे. जादा शिलाईचे ४,००० रुपये १,२०० शर्टांवर वाटले, तर शर्टामागे पडतात सुमारे ३ रुपये ३३ पैसे. या भावाला ते कापड परवडत नाही.