डावीकडे झुकणारे झाड

नोंदी क्रमाने ठेवायच्या आणि हवी ती चटकन सापडावी, यासाठी संगणकात बायनरी सर्च ट्री नावाची रचना वापरतात. प्रत्येक नोडमध्ये एक संख्या असते. तिच्यापेक्षा लहान संख्या डाव्या फांदीत, मोठ्या उजव्या फांदीत. हे झाड उलटे काढतात, म्हणजे मूळ वर आणि फांद्या खाली. शोध मुळापासून सुरू होतो आणि प्रत्येक पायरीला एक फांदी सोडून देतो. झाड जितके पसरट, तितका शोध छोटा.

नवी संख्या घालणे सोपे असते. अडचण येते ती काढताना. समजा मुळाशी 50 आहे, त्याच्या खाली 30 आणि 70, 30 च्या खाली 20 आणि 40, 70 च्या खाली 60 आणि 80. आता 50 काढायचा आहे, पण त्याला दोन्ही बाजूंना फांद्या आहेत. रिकाम्या जागी अशी संख्या आणावी लागते की क्रम मोडणार नाही, आणि अशा दोनच संख्या आहेत. एक म्हणजे क्रमाने लगेच पुढची, 60, जी उजव्या फांदीतली सर्वांत लहान. दुसरी म्हणजे लगेच मागची, 40, जी डाव्या फांदीतली सर्वांत मोठी. वर्गात पहिलीला सक्सेसर म्हणतात, दुसरीला प्रेडिसेसर. बहुतेक पाठ्यपुस्तके पुढची संख्या उचलतात आणि विषय संपवतात. हा विषय इतक्यात संपत नाही, असे माझे ठाम मत आहे.

वरच्या झाडात नेहमी पुढचीच संख्या घेऊन पाहा. 50 गेला की मुळाशी 60 येतो. 60 काढला की 70 येतो, तोही काढला की 80. आता डावीकडे 20, 30, 40 तसेच आहेत आणि उजवीकडे काहीच उरलेले नाही. आकडे 1 ते 100 मधले असतील, तर नव्याने येणाऱ्या दर पाच संख्यांपैकी चार डावीकडेच जातील. हाच प्रयोग आलटून पालटून करा. पहिल्यांदा पुढची घेतली, 60 मुळाशी आला. 60 काढताना मागची घेतली, 40 आला. आता डावीकडे 30 आणि 20, उजवीकडे 70 आणि 80, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन.

मग पुढचीऐवजी नेहमी मागचीच घेतली तर? काहीच सुधारत नाही. आरशात पाहावे तसे सगळे उलटे होते, मूळ लहान संख्यांकडे सरकत जाते आणि झाड उजवीकडे झुकते. दोष कोणती बाजू निवडली यात नसून, दर वेळी तीच बाजू निवडण्यात आहे.

गंमत अशी की हा दोष बराच काळ कोणाच्या लक्षात आला नाही, आणि त्यामागे एक खरेखुरे प्रमेय होते. काढण्याची ही पद्धत 1962 मध्ये थॉमस हिबर्ड यांनी मांडली. रँडम क्रमाने बनलेल्या झाडातून रँडम नोड काढला, तर उरलेल्या झाडाचा आकारही रँडम झाडासारखाच राहतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यावरून कितीही काढ-घाल केली तरी झाड बिघडणार नाही, असा समज झाला. 1975 मध्ये स्टॅनफर्डला गॅरी नॉट यांनी आपल्या प्रबंधात त्यातली फट दाखवली. काढल्यानंतर आकार रँडम असतो हे बरोबर, पण त्या आकारात कोणत्या संख्या बसल्या आहेत याचे वाटप आता रँडम राहिलेले नसते. जोवर फक्त काढत राहाल तोवर ते दिसत नाही. पुढची नवी संख्या घातली की दिसू लागते. 1978 मध्ये आर्ने जोनासेन आणि डोनाल्ड कनुथ यांनी जास्तीत जास्त तीन नोडच्या झाडाचे पूर्ण गणित मांडले, तर त्यात बेसेल फंक्शन्स निघाली. तीन नोडांसाठी!

मोठ्या झाडांचे काय होते ते 1983 मध्ये कार्नेगी मेलनमधील जेफ्री एपिंजर यांनी संगणकावर प्रयोग करून पाहिले. एक संख्या घाला, एक काढा, असे प्रचंड वेळा. नेहमी पुढचीच संख्या घेतली, तर झाड आधी थोडे सुधारते आणि मग हळूहळू बिघडत जाते. थोडाच वेळ प्रयोग केला तर पद्धत उत्तम आहे, असा उलटा निष्कर्ष निघेल. दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात वापरल्या, तर झाड सुधारते आणि सुधारलेलेच राहते, अगदी रँडम झाडापेक्षाही किंचित बरे.

बिघाडाला इतका वेळ का लागतो, याचा हिशेब हातानेही करता येतो. झाडात n संख्या असतील, तर एका काढणीत नेमके मूळ निघण्याची शक्यता n मध्ये एक. मूळ निघाले की ते क्रमाने एकच घर पुढे सरकते. मधून टोकापर्यंत जायला n च्या पटीत घरे सरकायला हवीत, म्हणून एकूण काढ-घाल n × n च्या पटीत. आलटून पालटून केले, तर मूळ एक घर पुढे, एक घर मागे असे डुलते. नाणे उडवून बाजू ठरवली, तर n वेळा सरकूनही ते सुरुवातीपासून सुमारे √n घरेच दूर गेलेले असते. दहा लाखांत ती फक्त हजार घरे होतात. खालच्या प्रत्येक नोडलाही हाच हिशेब लागू होतो.

पुढे जोसेफ कल्बरसन यांनी, आणि नंतर इयन मन्रो यांच्यासोबत, एका सोप्या केलेल्या मॉडेलमध्ये दाखवले की एकाच बाजूची पद्धत चालू ठेवली, तर नोडची सरासरी खोली √n च्या पटीत जाते. दहा लाख संख्यांच्या रँडम झाडात शोधाला सरासरी 26 तुलना पुरतात. √n म्हणजे शेकड्यांच्या, हजाराच्या घरात. अर्थात तिथे पोचायला एक लाख कोटीच्या पटीत काढ-घाल हवी, म्हणून रोजच्या प्रोग्रॅममध्ये हे क्वचितच जाणवते. काही हजार संख्यांचे झाड वर्षानुवर्षे चालणाऱ्या सर्व्हरवर असेल, तर तिथे मात्र जाणवू शकते. ओळखायचे कसे? मुळाच्या दोन्ही बाजूंची नोडसंख्या अधूनमधून मोजा. डावी बाजू सतत फुगत असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

आलटून पालटून करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काटेकोर पाळीपेक्षा नाणे उडवणे मला जास्त भरवशाचे वाटते. प्रोग्रॅम स्वतःच जोडीजोडीने नोंदी काढत असेल, एकदा वरची, एकदा खालची, तर पाळी त्या लयीत अडकते आणि वरच्या नोडला दर वेळी एकच बाजू मिळते. दुसरी गोष्ट समान संख्यांची. समान संख्या उजवीकडे ठेवायच्या असा नियम असेल आणि डाव्या फांदीत 40 दोनदा असेल, तर मागची संख्या म्हणून एक 40 वर येतो आणि दुसरा डावीकडेच राहतो. नियम तुटतो. नंतर 40 ची दुसरी नोंद शोधायला गेलात, तर शोध उजवीकडे वळेल आणि ती मिळणार नाही. अशा झाडात समान नोंदी एकाच नोडमध्ये यादी करून ठेवाव्यात, नाहीतर बाजू बदलण्याच्या फंदात पडू नये.

आणि या पद्धतीने कशाचीही हमी मिळत नाही. 1, 2, 3 अशा चढत्या क्रमाने संख्या घातल्या, तर झाडाची सरळ साखळी होते. तिथे कुठल्याही नोडला दोन फांद्याच नसतात, त्यामुळे बाजू निवडण्याचा प्रश्नच येत नाही आणि साखळी तशीच राहते. अशा ठिकाणी एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक ट्री लागते, जी दर बदलानंतर फांद्या फिरवून उंची आवरते. जावामधील `TreeMap` रेड-ब्लॅक आहे. तो काढताना पुढचीच संख्या घेतो आणि त्याने काही बिघडत नाही, कारण तोल सांभाळायचे काम तिथे फांद्या फिरवण्यानेच होते.