सगळे सबटास्क संपले, पण काम झालं का?

सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. काम मोठं असेल तर त्या मुख्य तिकिटाखाली छोटी तिकिटं काढतात, त्यांना सबटास्क म्हणतात. आपापला सबटास्क जो तो पुढे सरकवतो, पण मुख्य तिकिटाची स्थिती बदलायची राहून जाते. म्हणून जिरासारख्या प्रणालीत एक स्वयंचलित नियम लावतात. सबटास्क `Done` झाला की नियम बाकीचे सबटास्क तपासतो आणि सगळे संपले असतील तर मुख्य तिकीटही बंद करतो.

समजा, ऑनलाइन वीजबिल भरण्याची सोय करायची आहे. चार सबटास्क आहेत: भरण्याचा पडदा, बँकेशी जोडणी, पावती आणि परतावा. पहिले तीन पूर्ण झाले. परतावा या वेळी नको असं ठरलं आणि तो सबटास्क रद्द केला. जिरात प्रत्येक स्थिती `To Do`, `In Progress` किंवा `Done` या तीनपैकी एका गटात बसते. रद्द केलेल्या कामावर पुढे काही करायचं नसतं, म्हणून ती स्थिती बहुधा `Done` गटात ठेवतात. नियम फक्त गट बघत असेल, तर चारही सबटास्क संपलेले दिसतात आणि मुख्य तिकीट बंद होतं. ते वाचून ग्राहकसेवेतला माणूस परताव्याची सोय झाली असं समजतो.

प्रत्येक तिकिटावर `Resolution` नावाचा वेगळा रकाना असतो. काम झालं की सोडून दिलं, हे तिथे नोंदवता येतं. ते नीट नोंदवलं असेल, तर असे सबटास्क शोधता येतात:

```
parent = BILL-40 AND resolution = "Won't Do"
```

दुसरी फसगत वेळेची आहे. नियम चालतो तो सबटास्कची स्थिती बदलते तेव्हा. मुख्य तिकीट बंद झाल्यावर कुणी पाचवा सबटास्क जोडला, तर ते आपोआप उघडत नाही. त्यासाठी नवा सबटास्क तयार होताच चालणारा वेगळा नियम लागतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कोणत्याच नियमाला दिसत नाही. पूर्ण झालेले तिन्ही भाग एकत्र जोडून खऱ्या बिलावर तपासायचे आहेत, पण त्याचा सबटास्क कुणी काढलेलाच नाही. नियम यादीतली कामं तपासतो; यादी पुरी आहे का, हे त्याला कळत नाही.

म्हणूनच सुरुवात आपोआप नोंदवणं सुरक्षित असतं. एक सबटास्क सुरू झाला म्हणजे मुख्य काम सुरू झालंच. शेवटाचं तसं नाही. सगळे सबटास्क संपले की नियमाने मुख्य तिकीट `In Review` पर्यंत न्यावं. काय रद्द झालं आणि काय लिहायचंच राहिलं, हे बघून `Done` मात्र त्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाने करावं.