निकाल लागला, आदेश नाही

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत २०२१ च्या उन्हाळ्यात एक मुलगा रोज संध्याकाळी एकच काम करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवशीची कामकाजाची यादी लागली का, ते बघायचा. त्याच्या गावाकडच्या फाट्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागून वर्ष होत आलं होतं. पाऊस, ऊन खाऊन फ्लेक्सवरचा त्याचा चेहरा निळसर पडला होता, पण खालची ‘तहसीलदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ ही ओळ अजून स्पष्ट वाचता यायची. गावी जाताना तो मुद्दाम अंधार पडल्यावर उतरेल अशी एसटी पकडायचा. “साहेब, पोस्टिंग कुठं?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तो ज्या परीक्षेत निवडला गेला ती राज्यसेवा २०१९. पूर्वपरीक्षा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली, मुख्य परीक्षा त्याच जुलैत, आणि अंतिम निकाल लागला १९ जून २०२० रोजी. पदं ४२०. पण एमपीएससी नेमणूक करत नाही, ती शासनाकडे शिफारस करते. मग सामान्य प्रशासन विभाग कागदपत्रं तपासतो, वैद्यकीय तपासणी होते, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते आणि शेवटी हातात आदेश पडतो. बरं चाललं असेल तेव्हाही या मधल्या टप्प्याला काही महिने जातात. त्या वर्षी तर टाळेबंदी होती. टप्पा रेंगाळला आणि ९ सप्टेंबर २०२० उजाडला.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मराठा आरक्षणाच्या, म्हणजे एसईबीसी कायद्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये हा कायदा वैध ठरवताना नोकऱ्यांतलं १६ टक्के आरक्षण १३ टक्क्यांवर आणलं होतं. ते आता थांबलं.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण बहुतेक घरांत तीच कळली नाही. स्थगिती एका प्रवर्गाच्या आरक्षणाला होती. ४२० जणांच्या नेमणुका थांबवा, असं न्यायालयाने कुठेही म्हटलं नव्हतं. तरी थांबले सगळेच. अनुसूचित जमातीच्या यादीतली मुलगी थांबली, खुल्या गटात पहिल्या दहांत असलेला मुलगाही थांबला. “आमचा काय संबंध?” हा प्रश्न तेव्हा अभ्यासिकेच्या जिन्यात, चहाच्या टपरीवर, जिथेतिथे ऐकू यायचा.

संबंध होता. गुणवत्ता यादी ही गोधडीसारखी असते, एक टाका उसवला की शेजारचे सैल होतात. समजा एका संवर्गात दहा पदं आहेत. पाच खुली, दोन एसईबीसी, एक ओबीसी आणि दोन इतर प्रवर्गांची. खुल्या गटात पाचव्याला ४९० गुण आहेत. एसईबीसीतले दोघे ४८६ आणि ४७९ गुणांवर आत आलेत, ओबीसीचा एक ४८५ वर. खुल्या गटातला सहावा ४८४ वर बाहेर राहिलाय. आता एसईबीसीची दोन पदं खुल्यात मिळवा. खुली पदं झाली सात. बाहेर बसलेल्या ४८४ वाल्याला वाटतं, आपला नंबर लागणार. पण सहाव्या पदावर येतो एसईबीसीतला ४८६ वाला, आणि सातव्या पदावर ४८५ चा ओबीसी उमेदवार, कारण त्याने वयाची किंवा तत्सम सवलत घेतली नसेल तर गुणांवर त्याला खुल्या पदाचा हक्क आहे. त्याची ओबीसीची जागा मोकळी होते आणि प्रतीक्षेतला पुढचा ओबीसी उमेदवार आत येतो. ४७९ वाला बाहेर जातो आणि ४८४ वाला होता तिथेच राहतो.

हे झालं एका संवर्गाचं. राज्यसेवेत उपजिल्हाधिकाऱ्यापासून नायब तहसीलदारापर्यंत अनेक संवर्ग असतात आणि प्रत्येकाने पसंतीक्रम दिलेला असतो. वर कुणी सरकला की त्याचं खालचं पद मोकळं होतं. त्यात महिलांचं आणि खेळाडूंचं समांतर आरक्षण. म्हणून शासन म्हणत होतं, अर्ध्यांना आदेश द्यायचे आणि उद्या निकाल फिरला तर तहसीलदाराला उठवून नायब तहसीलदार करायचं का? भीती खोटी नव्हती. पण पसंतीक्रमात वर ज्यांच्यासाठी काहीच शिल्लक नव्हतं आणि ज्यांचं पद कुठल्याही हिशेबात हलणार नव्हतं, त्यांना ‘न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून’ ही ओळ घालून आदेश देता आले असते. तसं झालं नाही. माझ्या मते ती कायद्याची अडचण कमी आणि फाईलवर सही करणाऱ्याची सावधगिरी जास्त होती.

घटनापीठापुढे सुनावणी सुरू झाली ती मार्च २०२१ च्या मध्यावर. निकाल आला ५ मे २०२१ रोजी आणि एसईबीसी आरक्षण रद्द झालं. स्थगिती ते निकाल हे अंतर चार दिवस कमी आठ महिने. त्या रात्री अभ्यासिकेत काहींना वाटलं, एकदाचं संपलं, आता महिनाभरात आदेश. प्रत्यक्षात एसईबीसीतल्या मुलांना आता खुल्यात धरायचं की आर्थिक दुर्बल घटकात, हे ठरवणारा शासन निर्णय यायला जुलै उजाडला. मग आयोगाने सगळी यादी नव्याने मांडली आणि सुधारित निकाल लागला तो सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस. त्यानंतर पुन्हा शासनाकडे शिफारस. पहिल्या निकालापासून सुधारित निकालापर्यंत गेले सव्वापंधरा महिने, त्यातले न्यायालयाच्या स्थगितीचे आठ. उरलेले जवळपास निम्मे दिवस स्थगितीच्या आधीचे आणि नंतरचे आहेत. ‘कोर्टामुळे लटकलो’ असं मुलं सरसकट म्हणतात तेव्हा हा हिशेब नजरेआड होतो.

५ मेच्या निकालात आणखी एक बारीक रेघ होती. ९ सप्टेंबर २०२० पर्यंत ज्यांच्या नेमणुका झाल्या होत्या, त्या न्यायालयाने अबाधित ठेवल्या. शिफारस झालेली पण आदेश न मिळालेली मुलं या रेघेच्या पलीकडे पडली. गुणांचा, मेहनतीचा इथे संबंध नव्हता. एका विभागाने आदेश आधी काढले आणि दुसऱ्याने काढले नाहीत, एवढाच फरक. अशा १,०६४ जणांसाठी पुढे २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून अधिसंख्य पदं निर्माण केली. म्हणजे स्थगितीनंतर जवळपास दोन वर्षांनी.

निवड झाली म्हणजे नोकरी झाली, हा समज आपल्याकडे पक्का आहे. कायदा तसं मानत नाही. शंकरसन दाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं की यादीत नाव आल्याने नेमणुकीचा अबाधित हक्क मिळत नाही. शासनाने मनमानी करू नये, इतकंच संरक्षण. त्यामुळे वाट पाहणाऱ्या मुलांच्या हातात एकच दार उरतं, ते म्हणजे चालू खटल्यात हस्तक्षेप अर्ज करून ‘आम्हालाही ऐका’ म्हणणं. त्यासाठी टेलिग्रामवर गट निघतो, वर्गणी जमते आणि वकील ठरतो. मग एक जण दिल्लीला किंवा मुंबईला जातो आणि बाकीचे त्याच्या निरोपाकडे डोळे लावून बसतात. निरोप बहुधा असा येतो: ‘मॅटर बोर्डावर होतं, पण निघालं नाही.’

मग स्थगिती साधारण किती टिकते? याला एक सरासरी देणं फसवं ठरेल, कारण कशावरून स्थगिती आली त्यावर सगळं अवलंबून असतं. उत्तरसूचीतल्या चार प्रश्नांवरून भांडण असेल तर ते लवकर मिटू शकतं. उत्तर प्रदेशातल्या ६९,००० शिक्षकांच्या भरतीला ३ जून २०२० रोजी एका न्यायमूर्तींनी दिलेली स्थगिती खंडपीठाने नवव्या दिवशी उठवली. तरीही सगळे रुजू झाले नाहीत, कारण मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका वादात ३७,३३९ पदं बाजूला ठेवायला सांगितली होती. ऑक्टोबरात उरलेल्या ३१,६६१ जणांपुरती प्रक्रिया पुढे गेली. पेपरफुटीचा आरोप असेल तर तपास आडवा येतो. कर्मचारी निवड आयोगाच्या २०१७ च्या पदवीस्तर परीक्षेचा निकाल ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस थांबला तो मे २०१९ मध्ये मोकळा झाला, आणि अंतिम यादी लागायला नोव्हेंबर आला. आरक्षणाच्या वैधतेचाच प्रश्न असेल तर वर्षाच्या आत सुटका समजू नये.

‘सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठते’ हे वाक्य अजून अभ्यासिकांतून फिरतं. ते २०१८ च्या एका निकालातून आलं होतं. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते मोडीत काढलं. त्यामुळे त्या भरवशावर कुणी राजीनामे देऊ नयेत.

त्यापेक्षा आदेशाचा शेवटचा परिच्छेद स्वतः वाचावा. संपूर्ण निकालाला, नेमणुकांना, एका प्रवर्गाला की ठरावीक पदांना स्थगिती आहे, हे तिथेच कळतं. आणि पुढच्या तारखेच्या आधी शासनाचं शपथपत्र दाखल झालं का, हे बघावं. ते नसेल तर त्या तारखेला बहुतेक वेळा आणखी एक तारीखच मिळते.

स्थापत्य अभियंत्यांच्या २०१९ च्या भरतीत हा फरक उघड दिसला. ११४३ पदं होती. एसईबीसीतून आर्थिक दुर्बल घटकात आलेल्यांवरून वाद झाला आणि २०२२ च्या अखेरीस १११ नेमणुका न्यायालयात अडकल्या. या वेळी शासनाने उरलेल्या १०३२ जणांना नियुक्तीपत्रं देऊन टाकली. १११ जणांचा वाद मॅटमध्ये गेला, तिथे २०२३ च्या सुरुवातीला निर्णय त्यांच्याविरुद्ध लागला आणि वर्ष संपताना उच्च न्यायालयाने तो फिरवला. एकाच परीक्षेला एकाच बाकावर बसलेले दोघे, एक वर्षभर पगार घेतोय आणि दुसरा अजून मेसचा डबा परवडत नाही म्हणून एकवेळ जेवतोय, अशी जोडी मी पाहिली आहे.

फ्लेक्सवाल्या मुलाचं पुढे काय झालं, हे लोक विचारतात. सुधारित यादीत त्याचं नाव राहिलं, पद बदललं नाही. मधल्या काळात त्याने खर्चासाठी नव्या मुलांना इतिहास शिकवला. त्यातला एक पुढच्या वर्षीच्या परीक्षेत निवडला गेला, आणि दोघांची कागदपत्रं तपासायची वेळ जवळजवळ एकदमच आली. ज्येष्ठता यादीत हा वर आहे, कारण ती गुणवत्ता यादीवरून लागते. पगार मात्र रुजू झाल्या तारखेपासून. निकालानंतरचे ते महिने त्याच्या सेवापुस्तकात कुठेच नाहीत. फाट्यावरचा फ्लेक्स कुणीतरी काढून नेलाय, गोठ्यावर पावसाळ्यात ताडपत्री म्हणून घातलाय.