काळ्या दगडाची चकती आणि अर्ध्या चढाचा वेळ

तासगावच्या माळावरचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, दुपारी तापतो. पण वरची ऊब आत किती झपाट्याने सरकते? हा वेग सांगणारी राशी म्हणजे औष्णिक विसरणशीलता α. ती मोजण्याची युक्ती पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडली. त्यांनी झेनॉन दिवा वापरला होता; या पद्धतीत लेझर नंतर आला.

दगडाची २ मिलिमीटर जाडीची सपाट चकती घ्या. दोन्ही बाजूंना ग्राफाइटचा पातळ थर द्या, म्हणजे प्रकाश नीट शोषला जाईल. पुढच्या बाजूवर लेझरचा क्षणिक झोत सोडा आणि मागच्या बाजूचे तापमान अवरक्त संवेदकाने टिपा. ते चढून जिथे स्थिरावते, त्याच्या निम्म्या चढापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ म्हणजे t, आणि चकतीची जाडी म्हणजे L.

α = ०.१३८८ × L² ÷ t

समजा t ०.६५ सेकंद आला. तर ०.१३८८ × ४ ÷ ०.६५, म्हणजे सुमारे ०.८५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद. झोताची ऊर्जा किती हे मोजावेच लागत नाही, कारण आपण फक्त निम्मा चढ पाहतो.

मात्र चकतीतून उष्णता बाहेर गळाली, तर शिखर खुजे राहते, निम्मा टप्पा लवकर येतो आणि उत्तर फुगते. शिखरानंतर आलेख सपाट न राहता उतरू लागला, की हा दोष ओळखावा. खात्रीसाठी ४ मिलिमीटरची चकती तपासावी: वेळ चौपट, म्हणजे २.६ सेकंद, यायला हवा. तो कमी आला, तर जाड चकतीतून उष्णता गळते आहे.