घाण्याचे तेल आणि पाच किलोचा डबा

गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आणि आता तालुक्याच्या गावांतही लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने दिसू लागली. ती पाहून जुन्या तेलगिरणीच्या मालकाच्या मनात हटकून एक विचार येतो. आपण वर्षानुवर्षे एक्स्पेलरवर शेंगदाणा तेल गाळून विकतो, आपल्याला दाण्याची पारख आहे, गिऱ्हाईक बांधलेले आहे. मग शेजारी एक लाकडी घाणा बसवून भारी तेलही का विकू नये? विचार चुकीचा नाही. पण हा घाणा कधी कधी गिरणीच्याच पोटावर येतो, आणि तो येतोय हे मालकाला वर्षभर कळत नाही. ते का कळत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

दोन्ही तेलांतला फरक आधी पाहू. एक्स्पेलरमध्ये लोखंडी स्क्रू दाण्यांना जोराने दाबतो. त्यात उष्णता तयार होते, तेल जास्त निघते आणि काम भराभर होते. लाकडी घाणा संथ फिरतो, तेल फारसे तापत नाही, दाण्याचा वास त्यात टिकतो. मात्र एका खेपेला दहा-पंधरा किलो दाणेच मावतात, त्याला पाऊण-एक तास जातो आणि बरेचसे तेल पेंडीतच राहून जाते. म्हणजे घाण्याचे तेल महाग असते ते केवळ नावामुळे नाही. ते काढायलाच महाग पडते.

हिशेबाच्या सोयीसाठी गोल आकडे धरू. शंभर किलो शेंगदाण्यातून एक्स्पेलरवर 43 किलो तेल निघाले आणि घाण्यावर 38 किलो. पेंडीचे पैसे वजा करून, मजुरी, वीज आणि डबा-बाटली धरून साधे तेल किलोला 195 रुपयांना पडले, घाण्याचे 245 रुपयांना. साधे 225 ला विकले तर किलोमागे 30 रुपये सुटतात. घाण्याचे 300 ला विकले तर 55 सुटतात. इथवर पाहून मालक म्हणतो, साध्याचे गिऱ्हाईक भारी तेलाकडे वळले तर वळू दे, मला किलोमागे 25 रुपये जास्तच मिळणार आहेत.

गफलत इथेच होते, कारण गिऱ्हाईक किलोने वळत नाही, घराने वळते. जे घर महिन्याला साध्या तेलाचा पाच किलोचा डबा नेत होते, ते 300 रुपये किलोचे तेल पाच किलो नेत नाही. महिन्याचा किराणा ठरलेल्या पैशांत बसवायचा असतो. ते घर घाण्याचे दोन किलो नेते आणि पुऱ्या, भजी तळायला बाजारातून सूर्यफुलाची किंवा सोयाबीनची पिशवी आणते. आता हिशेब पुन्हा करा. पूर्वी त्या घराकडून महिन्याला पाच तिसा दीडशे रुपये सुटत होते. आता दोन किलोमागे 110 सुटतात. किलोमागची कमाई जवळजवळ दुप्पट झाली आणि घरामागची कमाई 40 रुपयांनी घटली. उरलेले तीन किलो आपल्या दुकानातून कायमचे गेले, ते वेगळेच.

आता एक महिना पुरा मांडून पाहू. गिरणीची साध्या तेलाची हजार घरे आहेत. घाणा बसवला, त्याच्या कर्जाचा हप्ता, वाढीव जागा आणि विक्रीला एक माणूस मिळून महिना 18 हजार रुपये बांधील खर्च आला. दिवसाला चार-पाच खेपा काढून महिन्याला 500 किलो तेल निघाले आणि अडीचशे घरांनी ते दोन-दोन किलो नेले. घाण्याच्या वहीत दीड लाखाची विक्री दिसते. तेलामागे सुटले 27 हजार 500, त्यातून 18 हजार वजा, म्हणजे नफा साडेनऊ हजार. मालक खूश होतो, आणि ती वही पाहून कोणीही होईल.

पण त्या अडीचशे घरांतली शंभर घरे आपलीच जुनी होती. त्यांचे शंभर डबे बंद झाले आणि प्रत्येक डब्यामागचे दीडशे रुपये बुडाले. ते 15 हजार रुपये घाण्याच्या वहीत कुठेच दिसत नाहीत. ते गिरणीच्या वहीत दिसतात, आणि तिथे त्यांचे नाव ‘यंदा उठाव कमी आहे’ असे असते. दोन्ही वह्या एकत्र केल्या तर साडेनऊ हजारांचा नफा नाहीच, उलट महिन्याला साडेपाच हजारांची खोट आहे. घाणा चालतोय, गिऱ्हाईक कौतुक करतेय आणि घरात येणारा पैसा कमी होतोय.

याला आणखी एक पदर आहे. साध्या तेलाचा नफा किलोमागे थोडा असतो, तो मोठ्या मापावर उभा असतो. दाणे गाडीभर घेतले की भाव बरा मिळतो, एक्स्पेलर दिवसभर चालला की त्याचा खर्च जास्त किलोंवर वाटला जातो. डबे दहा टक्क्यांनी घटले तर उरलेल्या नव्वद टक्के तेलाचा पडता भावही वर सरकतो. हे नुकसान मी वरच्या हिशेबात धरलेलेसुद्धा नाही.

मग भारी माल काढूच नये का? काढावा. पण साध्या मालाचे काम न हिसकावता त्याला दुसरे काम नेमून द्यावे. मोठ्या कंपन्या हे कसे करतात याचे आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारे उदाहरण म्हणजे मारुती सुझुकी. मारुतीने 2011 मध्ये किझाशी ही सोळा लाखांच्या वरची गाडी आपल्या नेहमीच्या शोरूममधूनच विकायला काढली, आणि ती चालली नाही. अल्टो घ्यायला आलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहून तेवढे पैसे मोजायला फारसे कोणी तयार नव्हते. 2015 मध्ये कंपनीने ‘नेक्सा’ नावाची निराळी शोरूम उघडली. तिथला विक्रेता वेगळा, मांडणी वेगळी आणि गाड्याही वेगळ्या. त्याच वर्षी आलेली बलेनो नेक्सात ठेवली आणि हुकमी स्विफ्ट जुन्याच दुकानात राहू दिली.

खरा धोका स्विफ्टलाच होता, कारण बलेनोच्या सुरुवातीच्या मॉडेलची किंमत स्विफ्टच्या अगदी जवळ होती. पण दोन्ही गाड्यांची कामे निराळी होती. त्या वेळच्या स्विफ्टची डिकी 204 लिटरची, बलेनोची 339 लिटरची. मागे बसायला जागाही बलेनोत जास्त. चौघांचे सामान घेऊन गावी जाणाऱ्या घराला बलेनो हवीशी वाटली, आटोपशीर आणि चपळ गाडी हवी असणाऱ्याला स्विफ्टच बरी वाटत राहिली. शिवाय कंपनीने स्विफ्टकडे दुर्लक्ष केले नाही. 2018 ची नवी स्विफ्ट बलेनोच्याच सांगाड्यावर बांधली होती. 2020-21 या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली गाडी स्विफ्ट होती आणि दुसरी बलेनो. दोन्ही दीड लाखांच्या वर गेल्या.

तेलगिरणीला दुसरी शोरूम परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. दोन मालांमध्ये कुंपण घालायचे, आणि तेलाच्या धंद्यात सगळ्यांत भक्कम कुंपण मापाचे असते. घाण्याचे तेल पाच किलोच्या डब्यात ठेवूच नये. अर्ध्या आणि एक लिटरच्या बाटलीतच द्यावे, आणि ते कशासाठी आहे हे स्पष्ट सांगावे: शेंगदाण्याच्या चटणीवर, गरम भाकरीवर, मेतकूट-भातावर कच्चे घ्यायला. तळणीचे काम डब्याचेच राहू द्यावे. असे केले तर जुने घर डबा चालू ठेवून वर एक बाटली नेते. लिटरभर शेंगदाणा तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे बाटलीमागे पन्नासेक रुपये सुटतात. मघाच्या शंभर घरांनी प्रत्येकी 40 रुपये घालवण्याऐवजी 50 रुपये वाढवले, तर साडेपाच हजारांच्या खोटीचा साडेतीन हजारांचा नफा होतो. घाणा तोच, दाणे तेच, बाहेरची दीडशे घरेही तीच. फरक फक्त मापाने पाडला. दुसरा मार्ग म्हणजे घाण्यावर शेंगदाणा गाळायचाच नाही, तीळ आणि खोबरे गाळायचे. डोक्याला लावायच्या खोबरेलाची डब्याशी स्पर्धाच नसते.

भावातले अंतरही राखावे लागते. पुष्कळ जण भीतीपोटी भारी तेलाचा भाव साध्याच्या जवळ आणतात, म्हणजे गिऱ्हाईक बिचकणार नाही. सगळ्यांत घातक हेच. घाण्याचे तेल 250 ला ठेवले तर घरे सहज वळतील, पाचही किलो तेच नेतील, आणि किलोमागे तिसाच्या जागी पाच रुपये सुटतील.

आणि सर्वांत जपायचे ते बाटलीवरच्या शब्दांना. ‘अस्सल’, ‘भेसळमुक्त’, ‘आरोग्याला घातक नसलेले’ असे भारी तेलावर छापले की शेजारचा डबा पाहून गिऱ्हाईक लगेच विचारते, मग हे काय आहे? वीस वर्षे ज्या डब्यावर घर चालले त्याच्यावर आपणच आपल्या हाताने संशय छापलेला असतो. असे तुटलेले गिऱ्हाईक घाण्याकडे वळत नाही, दुकान बदलते. बाटलीवर वास, चव, संथ गाळप यांविषयी खुशाल लिहावे. डब्याच्या चांगुलपणाला धक्का लावणारे एक अक्षरही लिहू नये.

हे सगळे करूनही घरे किती सरकली हे एकूण विक्रीवरून समजत नाही. त्यासाठी घरागणिक पाहावे लागते. बिलावर फोन नंबर असतोच. ज्यांनी बाटली नेली त्यांचे आधीच्या तीन महिन्यांतले डबे आणि नंतरच्या तीन महिन्यांतले डबे शेजारी मांडा. दिवाळीत सगळ्यांचेच तेल वाढते आणि नंतर सगळ्यांचेच घटते, म्हणून बाटली न नेणाऱ्या घरांचेही तेच आकडे बाजूला हवेत. दोघांचे डबे सारखेच घटले असतील तर बाटलीचा दोष नाही. बाटली नेणाऱ्यांचेच जास्त घटले असतील, तर तितके डबे बाटलीने खाल्ले. दोन दुकाने असतील तर पहिले तीन महिने बाटली एकाच दुकानात ठेवावी, म्हणजे तुलना आणखी स्वच्छ होते.

घाण्याची ऑर्डर देण्याआधी एवढे जरूर करा: कोणत्या घराने मागच्या वर्षी किती डबे नेले याची यादी काढून ठेवा. बाटली फळीवर आल्यानंतर जुनी सवय कशी होती हे कोणालाच आठवत नाही, आणि त्या यादीशिवाय पुढची तुलना करता येत नाही.