बोधचिन्हाचा इंट्रो : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिडिओच्या आरंभी एखाद्या उद्योगाचे बोधचिन्ह हालचालीसह पडद्यावर येते, त्याच्या जोडीला एखादा छोटा ध्वनी वाजतो आणि मग मूळ विषय सुरू होतो. या तुकड्याला व्यवहारात ‘लोगो इंट्रो’ किंवा नुसतेच ‘इंट्रो’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र कलावंत आणि वकील असतात. लहान उद्योजक मात्र तो एकदाच, बहुधा ओळखीतल्या एखाद्या संकलकाकडून करून घेतो आणि पुढे वर्षानुवर्षे वापरतो, त्यामुळे सुरुवातीला बाळगलेला गैरसमज पुढच्या प्रत्येक व्हिडिओत उतरत जातो.

पहिला गैरसमज लांबीविषयीचा आहे. इंट्रो जितका लांब आणि भव्य तितका उद्योग मोठा वाटतो, ही समजूत चित्रपटगृहातून आलेली दिसते. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर अवतरत असे, तेव्हा प्रेक्षक तिकीट काढून अंधारात स्थिरस्थावर झालेला असे आणि पुढचे दोन-तीन तास त्याने त्या चित्रपटासाठीच राखून ठेवलेले असत. मोबाइलवर अंगठ्याने पडदा सरकवणाऱ्याने असे काहीच कबूल केलेले नसते. हा भेद नेटफ्लिक्सच्या उदाहरणात स्वच्छ दिसतो : घरच्या पडद्यासाठी २०१५ पासून वापरात असलेली तिची ‘टा-डम’ ही खूण अवघ्या काही सेकंदांची आहे, तर चित्रपटगृहात दाखवण्यासाठी संगीतकार हान्स झिमर यांच्याकडून तिचेच सुमारे सोळा सेकंदांचे विस्तारित रूप करून घेण्यात आले. कंपनी तीच आणि खूणही तीच असताना लांबी बदलली ती प्रेक्षक कुठे बसला आहे यामुळे.

त्यामुळे ‘योग्य लांबी किती’ या प्रश्नाचे उत्तर व्हिडिओच्या एकूण लांबीशी ताडूनच द्यावे लागते. सहा सेकंदांचा इंट्रो आठ मिनिटांच्या पाककृतीत सव्वा टक्का जागा घेतो, पण एका मिनिटाच्या उभ्या व्हिडिओत तोच दहा टक्के जागा अडवून बसतो. दोन ते तीन सेकंद ही मर्यादा लहान उद्योगाला बहुतेक ठिकाणी पुरते. यूट्यूब स्टुडिओतील प्रेक्षक-टिकाव दाखवणाऱ्या आलेखात इंट्रोच्या जागी रेषा बाजूच्या भागापेक्षा तीव्र उताराने खाली येत असेल, किंवा इंट्रो संपतो नेमक्या त्या क्षणी ती वर उसळत असेल, तर लोक तेवढा भाग ओलांडून पुढे जात आहेत असे समजावे. अशा वेळी इंट्रो आणखी आकर्षक करण्यापेक्षा त्याची जागा बदलणे अधिक उपयोगी ठरते : आधी विषयाचे पाच-सात सेकंदांचे दृश्य दाखवावे, प्रेक्षकाला पुढे काय आहे ते कळावे, आणि मग बोधचिन्ह यावे.

कमी वेळात बोधचिन्ह वाचले जात नाही ही शंका रास्त आहे, पण बहुतेक वेळा ती हालचालीच्या वाटपातील चुकीमुळे उद्भवते. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला करणारा एक घरगुती उद्योग उदाहरणादाखल कल्पनेत घेतला, तर हे वाटप असे मांडता येते. भारतात चित्रीकरण अनेकदा सेकंदाला पंचवीस चौकटी, म्हणजे फ्रेम, या वेगाने होते, २.४ सेकंदांच्या इंट्रोला त्या हिशेबाने साठ चौकटी मिळतात. पहिल्या बारा चौकटींत मिरचीचा आकार पडद्यावर येतो, पुढच्या बारांत उद्योगाचे नाव उमटते, त्यानंतर तीस चौकटी, म्हणजे १.२ सेकंद, काहीही हलत नाही आणि शेवटच्या सहा चौकटींत सारे विरून जाते. निम्मा वेळ स्थिरतेला दिलेला पाहून संकलकाला तो वाया गेल्यासारखा वाटतो. वाचन मात्र नेमके त्याच वेळात होते, कारण फिरणारे, चमकणारे किंवा ठिणग्या उडवणारे अक्षर डोळा केवळ पाहतो.

येथे देवनागरीची एक खास अडचण लक्षात घ्यावी लागते. बाजारात मिळणारे तयार साचे, म्हणजे टेम्प्लेट, बहुधा रोमन लिपी गृहीत धरून केलेले असतात आणि ते नावातील प्रत्येक अक्षर सुटे करून हलवतात. ‘चविष्ट’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या साठवणीत ‘व’ नंतर येते पण दिसते त्याच्या आधी, आणि ‘ष्ट’ हे दोन व्यंजनांचे एक जोडाक्षर आहे. अशा शब्दाचे यांत्रिक तुकडे पाडले की वेलांटी एकीकडे, पाय मोडलेला ‘ष्’ दुसरीकडे आणि शिरोरेषा मधेच तुटलेली असा प्रकार पडद्यावर दिसतो. नावाचे आधी रेखाकृतीत रूपांतर करून ‘च’, ‘वि’, ‘ष्ट’ असे पूर्ण अक्षरांचे गट बांधणे, किंवा संपूर्ण नाव एकसंध हलवणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

आवाजाविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज असा की, तो घुमणारा आणि दणदणीत असला म्हणजे ठसा उमटतो. स्टुडिओतील मोठ्या ध्वनिक्षेपकांवर किंवा चांगल्या हेडफोनवर जो खर्जातील ‘धम्म’ छातीत जाणवतो, तो मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे स्वर तो स्पीकर पुरेसे वाजवू शकत नाही. नेटफ्लिक्सच्या ध्वनीत लाकडी कपाटावर अंगठी आपटल्याचा आवाज मिसळलेला आहे, ही गोष्ट गमतीची वाटली तरी अर्थपूर्ण आहे : धातू आणि लाकूड यांच्या टकरीला धार असते आणि ती लहान स्पीकरमधूनही पार होते. कल्पनेतील मसाला-उद्योगासाठी पितळी खलबत्त्याचे दोन ठोके याच कारणाने उपयोगी आहेत, शिवाय ते व्यवसायातून उचललेले असल्याने त्यांना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

दुसरा ठोका नाव स्थिर होते त्या चौकटीवर, म्हणजे चोविसाव्या चौकटीला, पडला पाहिजे. चुकायचेच असेल तर ठोका किंचित उशिरा पडलेला बरा, कारण दृश्याआधी ऐकू येणारा ध्वनी माणसाला लवकर खटकतो : दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी ते जाणवते, तर उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. पंचवीस चौकटींच्या वेगात एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते, तेव्हा एका चौकटीची घाई आणि तीन चौकटींची ढिलाई यांना साधारण सारखेच वजन आहे.

‘आवाजाची पातळी यूट्यूब आपोआप सारखी करते’ हे विधान अर्धसत्य आहे. कानाला सरासरीने जाणवणारा मोठेपणा ‘लफ्स’ या एककात मोजतात, आणि संपूर्ण व्हिडिओची सरासरी उणे चौदा लफ्सच्या आसपासच्या पातळीहून मोठी असेल तर यूट्यूब ती खाली आणते; हळू आवाजातील व्हिडिओ मात्र सहसा वर उचलला जात नाही. मोजमाप संपूर्ण व्हिडिओचे होत असल्याने सहा मिनिटांच्या शांत निवेदनापुढे अडीच सेकंदांचा कर्कश इंट्रो त्या सरासरीला धक्काही लावत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानाला लावतो. ठोके निवेदनाच्या शेजारी ठेवून, मोबाइलवर, आवाजाची कळ न हलवता ऐकणे ही साधी परीक्षा येथे पुरेशी आहे. दुसरी परीक्षा आवाज पूर्ण बंद करून घ्यायची असते, कारण अनेक ठिकाणी व्हिडिओ मुका सुरू होतो आणि तेव्हा सगळा भार दृश्यावरच येतो.

ध्वनीच्या हक्काविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडू शकतो. ‘रॉयल्टी-फ्री’ याचा अर्थ दर वापरामागे मानधन द्यावे लागत नाही एवढाच; तो ध्वनी एकट्याचा झाला असा त्याचा अर्थ नव्हे. तोच तुकडा दुसऱ्या कोणी आपल्या गाण्यात वापरून ते गाणे यूट्यूबच्या स्वयंचलित हक्क-तपासणी यंत्रणेत नोंदवले, तर हक्काचा दावा एका व्हिडिओवर न थांबता तो इंट्रो असलेल्या सगळ्याच व्हिडिओंवर येऊ शकतो. म्हणून ध्वनी स्वतः मुद्रित करणे किंवा संगीतकाराकडून करून घेणे श्रेयस्कर ठरते, मात्र पैसे चुकते केल्याने हक्क हाती आला असे मानणे हीदेखील चूकच आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हस्तांतरित करणाऱ्याच्या सहीने व्हावे लागते. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच धरले जाते. दुबई किंवा न्यू जर्सीतील मराठी ग्राहकाला मसाला विकणाऱ्याने मुदत आणि प्रदेश या दोन्ही बाबी पत्रात आवर्जून लिहून घ्याव्यात. ध्वनीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी हा निराळा विषय आहे : २०१७ च्या नियमांनुसार तिच्यासाठी तीस सेकंदांहून लांब नसलेली एमपी-थ्री फीत आणि स्वरलेखन द्यावे लागते.

पुनर्वापर म्हणजे एकच एमपी-फोर फाइल प्रत्येक व्हिडिओच्या तोंडाशी चिकटवणे, हा शेवटचा गैरसमज. आडव्या, सोळास नऊ प्रमाणाच्या दृश्यातून पूर्ण उंचीचा उभा, नऊस सोळा प्रमाणाचा भाग कापला तर रुंदीचा सुमारे ३२ टक्केच भाग शिल्लक राहतो, आणि आडवे मांडलेले नाव दोन्ही कडांना छाटले जाते. उभ्या रूपात नाव मिरचीच्या खाली दोन ओळींत नव्यानेच मांडावे लागते. नेहमीच्या एमपी-फोर फाइलीत, ज्या पद्धतीने दृश्य दाबून साठवतात त्या एच.२६४ पद्धतीत, पारदर्शकतेची सोय नसते, त्यामुळे बोधचिन्ह चालू दृश्यावर ठेवायचे तर ते पारदर्शक पार्श्वभूमीसह ‘प्रोरेस ४४४४’ स्वरूपात किंवा पीएनजी चित्रांच्या मालिकेत मागून घ्यावे लागते. लहान व्हिडिओसाठी एका सेकंदाचे संक्षिप्त रूप असे पारदर्शकच असावे : पहिल्या दृश्यावर नाव उमटते, एकच ठोका पडतो आणि निवेदन कुठेही थांबत नाही. ध्वनी वेगळ्या वेव्ह फाइलीत ठेवावा, कारण एमपी-थ्री करताना आरंभी काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते आणि काळजीपूर्वक बसवलेला ठोका सरकतो. मूळ प्रकल्प-फाइल ताब्यात नसेल तर यांपैकी कोणतेही रूप पुन्हा काढता येत नाही, म्हणून ती व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावी.

यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. फार तर त्यातील भाग कापून टाकता येतो. दूरध्वनी क्रमांक, घोषवाक्य, सणाची सवलत किंवा ‘आता पुण्यातही’ यांसारखा मजकूर इंट्रोत घातला, तर तो बदलल्यावर जुने सगळे व्हिडिओ चुकीची माहिती देत राहतात; असा मजकूर व्हिडिओखालच्या वर्णनात असावा, जिथे तो केव्हाही दुरुस्त करता येतो.